सोसायटीच्या पोडियमवर सिनेमा: आधी उजेडाचं बघा, मग प्रोजेक्टरचं

आमच्या सोसायटीत पहिल्यांदा उघड्यावर सिनेमा दाखवायचं ठरलं तेव्हा कमिटीची सगळी चर्चा प्रोजेक्टरवर झाली. कुणीतरी ऑनलाइन ‘दहा हजार ल्युमेन’ लिहिलेला स्वस्तातला प्रोजेक्टर शोधला आणि तो आलाही. पडद्यासाठी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डबल बेडची पांढरी चादर दिली. सिनेमातली दिवसाची दृश्यं बरी दिसली. रात्रीची दृश्यं सुरू झाली तसं पडद्यावर नुसतं राखाडी धुकं, पात्रांचे आवाज येतायत आणि दिसत कुणीच नाही. त्यात वारा सुटला, चादरीचं शीड झालं आणि नायिकेचा चेहरा कधी फुगला, कधी खपाटीला गेला. पोरांनी तेवढ्यापुरती मजा लुटली. मोठी माणसं मध्यंतराआधीच जेवायला गेली.

पुढे दोन-तीन वर्षांत चुका करत करत लक्षात आलं की आमचा क्रमच उलटा होता. आधी वेळ, मग जागा, मग जागेवरचा उजेड, त्यानंतर पडदा आणि सगळ्यात शेवटी प्रोजेक्टर, असं ठरवत गेलं तर बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. खाली आमच्याच कार्यक्रमाचा हिशेब मांडतो. पुण्यातली सोसायटी, तीन विंग, 96 फ्लॅट, पार्किंगच्या वर पोडियम, साधारण शंभर प्रेक्षक.

तारीख ठरवताना रात्री दहापासून मागे मोजा

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवशी बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सणावारांसाठी आणि आधी जाहीर केलेल्या दिवसांसाठी. आपल्या सिनेमासाठी दहा म्हणजे दहा.

आता उलटं मोजा. पुण्यात मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पडद्यावर नीट दिसण्याइतका अंधार त्यानंतर अर्ध्या तासाने होतो, म्हणजे साडेसातला. हातात अडीच तास राहतात. त्यातून मध्यंतर, सुरुवातीची भाषणं आणि आपला नेहमीचा उशीर वजा केला तर दोन तासांचा सिनेमाही ओढाताणीचा होतो. डिसेंबरच्या मध्यावर मात्र सूर्यास्त सहाच्या आसपास असतो. साडेसहाला चांगला अंधार, पावणेसातला सिनेमा सुरू, सव्वानऊला सगळं आटोपतं आणि लोक घरी जाऊन जेवतात.

म्हणून आम्ही डिसेंबरचा शनिवार धरतो. जानेवारीत थंडी छान असते, पण दहावी-बारावीच्या प्रिलिम तेव्हाच असतात आणि ज्यांच्या घरात बारावी आहे ते सभासद सूर्यास्ताचं गणित ऐकून घेत नाहीत. त्यांचं बरोबरही आहे. कोजागिरीला करायचं असेल तर चंद्राच्या उजेडाची काळजी करू नका, पडद्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. परतीच्या पावसाची मात्र करा.

कागदपत्रं

तीन ठिकाणची परवानगी लागते. पहिली आपल्याच कमिटीची. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले अंगठे म्हणजे परवानगी नव्हे. कमिटीच्या सभेत तारीख, वेळ, जागा, खर्चाची मर्यादा आणि जबाबदार दोन सभासदांची नावं यांचा ठराव करून इतिवृत्तात नोंदवून घ्या. उद्या कुणाचा पाय केबलमध्ये अडकला किंवा कुणी खर्चावर बोट ठेवलं तर हाच कागद कामाला येतो.

दुसरी पोलीस ठाण्याची. लाऊडस्पीकर लेखी परवानगीशिवाय लावता येत नाही, अगदी सोसायटीच्या आवारातही. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज करायचा. त्यात कार्यक्रमाचं स्वरूप, पत्ता, तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, स्पीकर किती, अंदाजे माणसं किती आणि जबाबदार व्यक्तीचा मोबाइल नंबर एवढं लिहा, ठरावाची प्रत जोडा. आठ-दहा दिवस आधी जा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. रुग्णालय, शाळा-कॉलेज किंवा न्यायालयाभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. तुमची सोसायटी त्यात येत असेल तर उघड्यावरचा बेत सोडा आणि क्लब हाऊसच्या बंद हॉलमध्ये करा.

याच जोडीला शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना एक साधं पत्र द्या आणि त्यात संपण्याची वेळ ठळक लिहा. आवाजाची तक्रार बहुतेक वेळा कुंपणापलीकडून येते. ‘सव्वानऊला संपणार’ हे आधी माहीत असलेला माणूस शंभर नंबर फिरवण्याआधी घड्याळाकडे बघतो.

तिसरी परवानगी सिनेमाच्या हक्काची, आणि तीच बहुतेक सोसायट्या विसरतात. घरच्या ओटीटी खात्याच्या अटींमध्ये ते खातं वैयक्तिक, घरगुती पाहण्यासाठी असल्याचं लिहिलेलं असतं. शंभर घरांनी पोडियमवर बसून पाहणं त्यात बसत नाही. तिकीट लावलं नाही म्हणूनही सुटका होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपट लोकांसमोर दाखवण्याचा हक्क हक्कदाराचा आहे, मग पाहणारे पैसे देवोत किंवा न देवोत.

यातून सरळ वाटा दोनच. एक म्हणजे निर्मात्याला किंवा वितरकाला ईमेल करून एका खेळाची लेखी परवानगी मागायची. तारीख, जागा, प्रेक्षकसंख्या आणि ‘तिकीट नाही, जाहिरात नाही’ हे पहिल्या दोन ओळींतच सांगा. छोट्या मराठी निर्मात्याकडे आणि लघुपट करणाऱ्यांकडे थेट पोहोचता येतं. मोठ्या कंपनीकडे महिनाभर आधी लिहा. दुसरी वाट जुन्या चित्रपटांची. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो, म्हणजे 1965 साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची मुदत 2025 च्या शेवटी संपली. प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ केव्हाच या मुदतीबाहेर गेला आहे. मात्र जुन्या चित्रपटाची प्रत कुठून घेतली, त्यावर कुणी नवीन सबटायटल किंवा आवाजाचं काम केलं आहे का, हे बघून घ्या, कारण नव्या कामाचा हक्क वेगळा असू शकतो.

सेन्सॉरचं प्रमाणपत्रही बघा. सगळ्या घरांतली पोरं समोर सतरंजीवर बसणार असतात, तेव्हा ‘यू’ निवडावा. ‘यूए’मध्ये आता 7, 13 आणि 16 वर्षांचे वेगळे टप्पे असतात. ‘16+’ घेऊन आठ वर्षांच्या मुलांना पुढे बसवायचं आणि नको ते दृश्य आलं की लॅपटॉपवर झडप घालायची, हे आम्ही एकदा केलं आहे. पुन्हा नको.

उजेड: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. काळ्या जागी तो फक्त प्रकाश टाकायचं थांबतो. त्यामुळे पडद्यावरचा काळा म्हणजे त्या जागेवर आधीच जेवढा उजेड आहे तेवढा. पोडियमचा दिवा पडद्यावर पडत असेल तर सिनेमातली रात्र त्या दिव्याइतकी उजळ दिसणार, प्रोजेक्टर कितीही भारी आणला तरी.

आमच्या आकड्यांत सांगतो. 12 फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच पडद्याचं क्षेत्रफळ साधारण साडेसात चौरस मीटर होतं. खऱ्या 3500 ल्युमेनच्या प्रोजेक्टरने त्यावर जवळपास 465 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला 465 ल्युमेन उजेड पडतो. पोडियमच्या दिव्यांचा 10 लक्स उजेड पडद्यावर पडत असेल, आणि तेवढा सहज पडतो, तर चित्रातला सगळ्यात उजळ भाग काळ्यापेक्षा जेमतेम 45-50 पट उजळ राहतो. तेच दिवे बंद करून उजेड 2 लक्सवर आणला तर हा फरक सव्वादोनशे पटीच्या पुढे जातो. हाच फरक प्रोजेक्टर बदलून मिळवायचा तर पाचपट ताकदीचा आणावा लागेल. दिवा बंद करायला वॉचमनकाकांना एक आवाज पुरतो.

कोणता दिवा त्रास देतोय हे ओळखायला लक्समीटर लागत नाही. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी, त्याच वेळी, पडद्याच्या जागी पांढरा कागद धरा आणि त्याच्यापुढे वीतभर अंतरावर आपला पंजा धरा. कागदावर पंजाची सावली दिसली की सावलीपासून पंजाकडे रेघ ओढा आणि ती पुढे न्या. त्या दिशेला अपराधी दिवा सापडतो. दोन सावल्या दिसल्या तर दिवे दोन. तो बंद करा आणि पुन्हा बघा. सावली दिसेनाशी झाली, कागद सगळीकडे सारखा मंद दिसू लागला, की जागा तयार. आम्हाला असे चार दिवे सापडले. त्यातला एक बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतला होता आणि तो त्यांनी आनंदाने बंद केला.

बंद करता न येणारा दिवा, म्हणजे रस्त्यावरचा खांब, पडद्याच्या मागच्या बाजूला येईल असा पडदा उभा करा. समोरून पडणारा उजेड चित्र मारतो. मागून येणारा अडवता येतो, पण त्यासाठी कापड पाठीमागून काळं किंवा राखाडी हवं. दिवा थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येत असेल तर पडदा थोडा फिरवून तो बाजूला घ्या. जिना, रॅम्प, टॉयलेटची वाट आणि लिफ्टसमोरचे दिवे चालूच ठेवायचे. ते पडद्यावर पडत असतील तर पुठ्ठ्याची झापड लावून उजेड खाली वळवा, बंद करू नका. आणि सोसायटीचे दिवे टायमरवर असतील तर इलेक्ट्रिशियनला आधीच गाठा. एका वर्षी आम्ही हाताने बंद केलेले दिवे ऐन क्लायमॅक्सला टायमरने परत लावले होते.

पडदा: खरी लढाई वाऱ्याशी

चादर नको. तिच्यातून प्रकाश आरपार जातो, शिवण दिसते आणि सुरकुत्या तर दिसतातच. स्वस्त आणि टिकाऊ उपाय फ्लेक्सवाल्याकडे मिळतो. न छापलेला, पांढरा, मॅट, ब्लॅकआउट फ्लेक्स मागा. ब्लॅकआउट म्हणजे ज्याच्या आतला थर काळा असतो आणि मागचा दिवा पुढे दिसत नाही. चकचकीत फ्लेक्स घेऊ नका, त्यात मधोमध प्रोजेक्टरचा पांढरा ठिपका चमकतो आणि बाजूच्यांना चित्र फिकं दिसतं. मापाच्या चारही बाजूंनी सहा-सहा इंच जास्त घ्या आणि फुटाफुटावर रिंगा मारून घ्या. घडी घालू नका, पाइपवर गुंडाळून ठेवा. घडीची रेघ फ्लेक्सवरून सहजी जात नाही.

चौकट मंडपवाल्याकडून लोखंडी पाइपची उभी करून घ्या. फ्लेक्स चौकटीला सुतळीने करकचून बांधायचा नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून रिंगेतून ओवा आणि पाइपला बांधा. रबर ताणलेलं राहतं, त्यामुळे पडदा सपाट राहतो आणि झोत आला की ट्यूब लांबते, रिंग फाटत नाही. पंक्चरवाला असा गठ्ठा चहाच्या पैशात देतो.

आता वारा. आपल्या 12 फुटी पडद्यावर ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्याचा साधारण 17 किलोचा दाब येतो. वारा दुप्पट झाला, म्हणजे 40 चा झोत आला, की दाब दुप्पट नव्हे तर चौपट होतो, 70 किलोच्या आसपास. ही चौकट पुढच्या सतरंजीवर पोरं बसलेली असताना त्यांच्या अंगावर आली तर काय होईल याचा विचार करून बांधणी करा. चौकटीच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून पुढे दोन आणि मागे दोन असे चार दोर तिरके, जमिनीशी साधारण 45 अंशांत खाली आणा. ते इमारतीच्या कॉलमला बांधता आले तर उत्तम. नाहीतर प्रत्येक दोराला 200 लिटरचा, पाण्याने पूर्ण भरलेला ड्रम. कुंड्या, झाडांची बुंधी, बाकडी आणि गाड्यांचे बंपर यांना दोर बांधू नका. प्रत्येक दोरावर डोळ्यांच्या उंचीला पांढरी पट्टी बांधा, अंधारात दोर दिसत नाही. मागच्या इमारतीजवळच्या झाडांची पानं सळसळायला लागली आणि पडदा सतत फडफडू लागला तर सिनेमा थांबवा आणि आधी फ्लेक्स उतरवा. चौकट एकटी उभी राहिली तर तिला फारसा वारा लागत नाही.

पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवा. सतरंजीवर बसलेल्या माणसाचं डोकं तीन फुटांपर्यंत आणि खुर्चीवरच्याचं सव्वाचार फुटांच्या आसपास येतं. कड खाली ठेवली तर सबटायटल फक्त पहिल्या रांगेला वाचता येतात.

प्रोजेक्टर

भाड्याने घ्या. वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या वस्तूची काळजी कमिटीने कशाला घ्यायची? मागताना ‘ल्युमेन किती’ एवढं विचारू नका, ‘एएनएसआय ल्युमेन किती’ असं विचारा. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावरचे हजारोंचे आकडे दिव्याच्या आतल्या उजेडाचे असतात किंवा नुसतेच छापलेले असतात. भिंगातून बाहेर पडून पडद्यावर येतो तो उजेड एएनएसआय सांगतो. 12 फुटी पडद्याला 3000 ते 4000 पुरतात, आजूबाजूचा उजेड नीट बंद केला असेल तर. 1920 बाय 1080 रिझोल्यूशन मागा, कॉन्फरन्स रूमचा जुना चौकोनी प्रोजेक्टर आणला तर वर-खाली काळ्या पट्ट्यांमध्ये त्याचा बराच उजेड वाया जातो.

दुसरा प्रश्न ‘थ्रो रेशो किती’. हा आकडा पडद्याच्या रुंदीने गुणला की अंतर मिळतं. 1.5 असेल तर 12 गुणिले 1.5, म्हणजे पडद्यापासून 18 फूट. आणि 18 फूट म्हणजे नेमकी पोरांच्या सतरंजीच्या मध्यात! म्हणून बैठक आखतानाच मधोमध चार फुटांची मोकळी वाट ठेवा आणि प्रोजेक्टर त्या वाटेत, साधारण चार-साडेचार फूट उंचीच्या भक्कम स्टुलावर ठेवा. झोत डोक्यांवरून जातो आणि प्रोजेक्टरच्या मागे कुणी बसलेलं नसतं, त्यामुळे कुणाच्या आड येत नाही. स्टुलाभोवती चार उलट्या खुर्च्यांचं कुंपण करा आणि एक कॉलेजचा मुलगा तिथे बसवा.

बहुतेक प्रोजेक्टरचं चित्र भिंगाच्या पातळीपासून वर जातं, म्हणून भिंग पडद्याच्या खालच्या कडेशी आलं की चित्र सरळ बसतं. खाली ठेवून वर तोंड केलं तर चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होतं. मग सगळे जण मेनूतून कीस्टोन फिरवतात. त्याने कडा सरळ होतात पण चित्राचा काही भाग वापरातून जातो आणि अक्षरं बोथट दिसतात. उंची बदला, कीस्टोन शून्यावर ठेवा.

सिनेमा पेनड्राइव्हवर नव्हे, लॅपटॉपच्या डिस्कवर ठेवा. दुसरी प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर. वाय-फायच्या भरवशावर राहू नका. स्क्रीन झोपी जाणं, अपडेट आणि व्हॉट्सॲपच्या सूचना बंद करा. आमच्याकडे एकदा दुःखाच्या प्रसंगावर ‘दूधवाल्याचे पैसे दिले का?’ असं पडद्याच्या कोपऱ्यात आलं, आणि त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तिथे मिळाला.

आवाज: डीजे नको, बोलणं ऐकू यायला हवं

साउंडवाल्याला ‘सिनेमा आहे’ सांगितलं की तो दोन टॉप आणि दोन बेस घेऊन येतो. बेस टेम्पोतच राहू द्या. खालचा घुमणारा आवाज भिंतींतून आरपार जातो, तक्रार त्याचीच येते आणि संवाद कळायला त्याचा उपयोग नसतो. शंभर माणसांना दोन टॉप भरपूर होतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, सहा-सात फूट उंच स्टँडवर, तोंड किंचित खाली, शेवटच्या रांगेकडे. समोरच्या विंगच्या खिडक्यांकडे तोंड करून लावले तर त्रास दुहेरी होतो. विंग पडद्यापासून 25 मीटरवर असेल तर भिंतीवर आपटलेला आवाज जवळपास 0.15 सेकंदाने परत येतो आणि प्रत्येक वाक्याला शेपूट लागतं. लोक म्हणतात, ‘आवाज वाढवा, कळत नाहीये’. वाढवला की शेपूटही वाढतं. अशा वेळी आवाज कमी करून टॉप आणखी खाली वाकवा.

निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्री दहानंतर 45 आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. पडद्यापासून 12 मीटरवरच्या शेवटच्या रांगेत 62 डेसिबल असेल तर 24 मीटरवरच्या कुंपणाशी 56 पोहोचतो. म्हणजे शेवटच्या रांगेत आपसात बोलायच्या पातळीइतकाच आवाज ठेवायचा. मोबाइलवरचं डेसिबल ॲप अचूक नसतं, पण ‘काल चाचणीत होता त्यापेक्षा आज जास्त आहे का’ हे त्यावर समजतं. एकाला फोन घेऊन कुंपणापाशी पाठवा.

ब्लूटूथवर स्पीकर जोडू नका. आवाज मागे पडतो आणि ओठ आधी हलतात. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून साध्या केबलने थेट मिक्सरला द्या. तरीही फरक राहिला तर लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये `J` दाबत गेलं की आवाज लवकर येतो आणि `K` ने उशिरा. थिएटरसाठी केलेल्या आवाजात संवाद दबके आणि मारामारी कानठळ्या बसवणारी असते. त्यासाठी `Ctrl+E` दाबून Audio Effects मधला Compressor चालू करा, मोठे आवाज दाबले जातात आणि मग एकूण पातळी थोडी वाढवता येते.

स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा गुणगुणाट आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला, तर अर्थिंगचा घोटाळा आहे. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डवर घ्या, किंवा साउंडवाल्याकडून मध्ये जोडायचा, गुणगुणाट अडवणारा डीआय बॉक्स मागून घ्या. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारा कुणीतरी तिथे असतोच. त्याला हात लावू देऊ नका.

वीज आणि बैठक

प्रोजेक्टर, दोन लॅपटॉप आणि साउंड मिळून दीड किलोवॉटच्या आत बसतं, म्हणजे साधारण 7 ॲम्पिअर. 16 ॲम्पिअरचा एक पॉइंट पुरतो, पण तो आरसीसीबीच्या, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणाऱ्या स्विचच्या मागे आहे ना हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. लांब ओढायची केबल तीन तारांची, 2.5 चौरस मिलिमीटरची हवी, पूर्ण उलगडलेली. रिळावर गुंडाळलेली केबल तापते. पॉपकॉर्नचं यंत्र आणि चहाचा इलेक्ट्रिक बॉयलर यांना वेगळी लाइन द्या. आमच्याकडे मध्यंतरात चहा ठेवला आणि पडदा काळा झाला, ते याच कारणाने. वीज गेली तर जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात, पण तेवढ्यात बंद पडलेला दिव्याचा प्रोजेक्टर थंड होऊन पुन्हा लागायला काही मिनिटं घेतो. म्हणून फक्त प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर ठेवा, साउंड नको.

बैठकीचं माप पडद्याच्या उंचीवरून काढा. पहिली रांग उंचीच्या दुपटीवर, शेवटची सहापटीवर. पावणेसात फुटाला ते 13 आणि 40 फूट येतं. त्याच्या पुढे बसलं तर मान दुखते, मागे बसलं तर सबटायटल वाचत नाहीत. 24 फूट रुंदीत पुढचे 12 फूट सतरंज्या, तिथे पंचेचाळीस-एक जण मावतात. मागच्या 15 फुटांत तीन-तीन फुटांवर पाच रांगा, मधली वाट सोडून प्रत्येकी 11 खुर्च्या, म्हणजे 55. बरोबर शंभर. दोनशे माणसं अपेक्षित असतील तर खुर्च्या मागे वाढवू नका, पडदा 16-18 फुटी घ्या आणि प्रोजेक्टरही त्या हिशेबाने.

खुर्च्यांच्या रांगा सरळ रेषेत लावू नका. एकाआड एक रांग अर्धी खुर्ची सरकवा, म्हणजे पुढच्या दोन डोक्यांच्या मधून दिसतं. मंडपवाला सवयीने सरळ लावून जातो, त्यामुळे खडूने खुणा आधी करून ठेवा. आजी-आजोबांसाठी हातांच्या खुर्च्या कडेला, टॉयलेटच्या बाजूला. व्हीलचेअरसाठी मधल्या वाटेच्या मागच्या टोकाला दोन जागा मोकळ्या. आणि अग्निशमन गाडीच्या वाटेवर एकही खुर्ची नको, शेजारी जागा रिकामी दिसत असली तरी.

त्या दिवशी

चौकट आणि ड्रम दुपारी चारला. फ्लेक्स साडेपाचला, उन्हात तापलेला फ्लेक्स सैल पडतो आणि थंडीत परत ताणतो, त्यामुळे शेवटची ओढ अंधार पडल्यावर. सूर्यास्तानंतर लगेच प्रोजेक्टर लावून चारही कोपरे जुळवा आणि सिनेमातलं सगळ्यात अंधारं दृश्य लावून बघा, सगळ्यात उजळ नव्हे. साडेसहाला दिवे बंद. सेक्रेटरींचं भाषण पडदा उजळायच्या आधी आणि माइक हातात देताना वेळ सांगून.

संपल्यावर प्रोजेक्टरचा प्लग लगेच ओढू नका. बटणाने बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत थांबा. फ्लेक्स दवाने ओलसर झालेला असतो. तसाच गुंडाळला तर पुढच्या वर्षी त्यावर काळे ठिपके निघतात, म्हणून रात्री पार्किंगमध्ये रेलिंगवर उलगडून ठेवा आणि सकाळी गुंडाळा. ड्रममधलं पाणी बागेला. आणि दिव्यांचा टायमर परत चालू केला का, हे झोपण्याआधी एकदा जाऊन बघून या.